पडलाय म्हणून घ्यायचा की चढतोय म्हणून? ट्रेंड फॉलोइंग आणि मीन रिव्हर्जन वापरण्याची रीत

माझ्या सौद्यांच्या वहीत २०१८ सालचं एक पान आहे. एका लहान कंपनीचा शेअर मी १४२ रुपयांना घेतला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "सहा महिन्यांचा उच्चांक मोडला, व्हॉल्यूम चांगला." तीन आठवड्यांनी त्याच शेअरची दुसरी नोंद आहे, ११८ रुपयांना, आणि कारण आहे, "खूप पडलाय, परत येईल." पुढची नोंद ९६ रुपयांची, तिथे कारणच लिहिलेलं नाही. शेवटी ५१ रुपयांना सगळा माल विकला.

त्या पानावर दोन वेगवेगळ्या पद्धती एकाच सौद्यात घुसल्या आहेत. १४२ ला घेतला तेव्हा मी म्हणत होतो की भाव ज्या दिशेने निघालाय त्याच दिशेने जाईल. ११८ ला घेतला तेव्हा म्हणत होतो की भाव जिथून निघाला तिथे परत येईल. पहिलं म्हणणं ११८ ला खोटं ठरलं होतं आणि सौदा तिथेच संपायला हवा होता. मी तो संपवला नाही, त्याचं कारण बदललं. या लेखात या दोन पद्धतींमागचा तर्क, कोणत्या परिस्थितीत कोणती चालते हे तपासायची रीत आणि दोन्हींचे सौदे प्रत्यक्ष कसे बांधायचे हे क्रमाने सांगतो.

आधी विचारा: हा पैसा मला कोण देतंय?

ट्रेंड फॉलोइंग म्हणजे चढणारं घ्यायचं, पडणारं सोडायचं. यात पैसा मिळतो तो भाव योग्य जागी पोचायला वेळ लागतो म्हणून. कंपनीची कमाई सुधारते, पण ते सगळ्यांना एकाच दिवशी पटत नाही. मोठ्या फंडाला एखादा शेअर घ्यायचा ठरला तरी तो एका दिवसात घेता येत नाही, कित्येक आठवडे थोडा थोडा घ्यावा लागतो. त्यात माणसाची सवय अशी की दहा टक्के नफा दिसला की विकून मोकळं व्हायचं आणि तोट्यातला शेअर मात्र "विकला तर तोटा पक्का होईल" म्हणून धरून बसायचं. त्यामुळे चांगली बातमी असलेल्या शेअरला मध्येच विक्री भेटते, वाईट बातमीच्या शेअरची विक्री लांबते, आणि दोन्हीकडे भाव रेंगाळत पुढे सरकतो. ट्रेंडवाल्याची कमाई या रेंगाळण्यात असते.

मीन रिव्हर्जन म्हणजे भाव सरासरीपासून फार लांब गेला की परतीची बाजू धरायची. इथे पैसा देणारा माणूस वेगळा. समजा एखाद्या म्युच्युअल फंडातून लोक पैसे काढतायत आणि फंडाला एक मिडकॅप शेअर आजच्या आज विकावा लागतोय. घेणारे पुरेसे नाहीत, म्हणून भाव ४ टक्के खाली येतो. कंपनीत काहीही बिघडलेलं नाही. त्या वेळी तुम्ही खरेदीला उभे राहता, आणि गर्दी ओसरल्यावर भाव परत येतो. विकणाऱ्याने घाईची किंमत मोजली, तुम्हाला थांबण्याचा मोबदला मिळाला.

म्हणून मीन रिव्हर्जनमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा: समोरचा घाईत आहे म्हणून विकतोय, की त्याला काहीतरी माहीत आहे म्हणून? घाई असेल तर तुम्ही कमावता. माहिती असेल तर त्याचा तोटा तुम्ही स्वतःच्या गळ्यात घालून घेता. ट्रेंडवाला याच्या बरोबर उलट बाजूला असतो. समोरच्याला काहीतरी माहीत असलं तर त्याला हवंच असतं.

दोन्ही खरे, पण वेगवेगळ्या काळमापावर

लासलगावला कांदा विकणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ कांदा चाळीत संपत आला आणि खरिपाचा माल पावसाने लांबला, की भाव चढू लागतो आणि नवा माल येईपर्यंत चढतच राहतो. हा ट्रेंड. पण चढा भाव बघून पुढच्या हंगामात सगळेच जास्त लागवड करतात आणि काही महिन्यांनी तोच भाव कोसळतो. हे परत फिरणं. एकाच बाजारात दोन्ही गोष्टी घडतात, फक्त एक आठवड्यांत आणि दुसरी हंगामांत.

शेअर बाजारातही अभ्यासकांना असंच दिसलं. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअर्सवर दाखवलं की मागच्या ३ ते १२ महिन्यांत जे शेअर पुढे राहिले ते पुढचे ३ ते १२ महिनेही सरासरीने पुढे राहतात. वर्नर द बॉंड आणि रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की ३ ते ५ वर्षं मागे पडलेले शेअर नंतर इतरांपेक्षा चांगली कामगिरी करतात. आणि १९९० मध्ये जेगदीश आणि ब्रूस लेहमन यांच्या वेगवेगळ्या अभ्यासांत आठवडा ते महिनाभराच्या मापावर पुन्हा उलटं दिसलं: गेल्या आठवड्यात सर्वांत पडलेले पुढच्या आठवड्यात उसळतात.

म्हणजे ढोबळ नकाशा असा निघतो. काही दिवस ते महिना: परत फिरणं. काही महिने ते वर्ष: ट्रेंड. कित्येक वर्षं: पुन्हा परत फिरणं. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक ६ आणि १२ महिन्यांचा परतावा बघून शेअर निवडतो, तेही याच नकाशाच्या मधल्या पट्ट्यातलं माप आहे. त्यामुळे "हा शेअर ट्रेंडचा की रिव्हर्जनचा?" असं विचारू नका. "मी किती दिवसांसाठी बघतोय?" हे आधी ठरवा. वीस दिवसांची चाल बघून "ट्रेंड आहे" म्हणत उडी मारणारे बरेचदा नेमके परतीच्या पट्ट्यात सापडतात आणि मग ट्रेंड फॉलोइंगलाच नावं ठेवतात.

घरच्या घरी मोजून बघा

तुमच्या शेअरचा किंवा इंडेक्सचा स्वभाव मोजायची एक सोपी रीत आहे, तिला व्हेरियन्स रेशो म्हणतात. तर्क असा: रोजच्या चालींचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर ५ दिवसांच्या चालीचं व्हेरियन्स, म्हणजे चढउतारांचा पसारा, एका दिवसाच्या पाचपट यायला हवा. आजची चाल उद्या पुढे चालू राहत असेल, तर चाली एकमेकींत भर घालतात आणि पाच दिवसांचा पसारा त्याहून मोठा येतो. आजची चाल उद्या खोडली जात असेल, तर लहान येतो.

एक्सेल शीटमध्ये A2 पासून खाली रोजचा बंद भाव भरा, जुनी तारीख वर. B3 मध्ये एका दिवसाचा आणि C7 मध्ये पाच दिवसांचा परतावा काढून दोन्ही सूत्रं खाली ओढा. सुमारे ५ वर्षांचा डेटा असेल तर तिसरी ओळ कुठल्याही रिकाम्या चौकटीत लिहा:

```
B3: =LN(A3/A2)
C7: =LN(A7/A2)
=VAR.S(C7:C1252)/(5*VAR.S(B3:B1252))
```

उत्तर १ च्या वर आलं तर त्या काळमापावर चाल पुढे चालू राहण्याकडे कल आहे, १ च्या खाली आलं तर परत फिरण्याकडे. उदाहरणार्थ, रोजच्या परताव्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन १ टक्का असेल तर काहीच संबंध नसताना ५ दिवसांचं २.२४ टक्के यायला हवं. ते प्रत्यक्षात १.८ आलं तर रेशो ०.६५ होतो, २.६ आलं तर १.३५.

इथे थोडं थांबा, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. हा आकडा निव्वळ योगायोगानेही बराच हलतो. फक्त एका वर्षाचा डेटा घेतलात तर ०.७२ ते १.२८ यांच्या दरम्यानच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. ५ वर्षांच्या डेटावर हा पट्टा ०.८८ ते १.१२ इतका होतो. आणि ही झाली शांत, एकसारख्या बाजाराची गोष्ट. मार्च २०२० सारखा वादळी काळ डेटात असेल तर हा पट्टा आणखी रुंद धरावा. मी तर तो महिना ठेवून एकदा आणि काढून एकदा, असं दोनदा मोजतो. उत्तर १ च्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेलं, तर त्या शेअरबद्दल मला काहीच कळलेलं नाही असं मानतो.

५ च्या जागी २० आणि ६० दिवस घेऊनही करा, काळमापाचा नकाशा तुमच्या शेअरपुरता दिसू लागेल. मात्र जितके दिवस वाढवाल तितका योगायोगाचा पट्टाही रुंदावतो. दुसऱ्या टोकाला, मिनिटांच्या चार्टवर हे मोजू नका. तिथे शेवटचा सौदा कधी खरेदीदाराच्या भावावर होतो, कधी विक्रेत्याच्या, त्यामुळे भाव सारखा मागेपुढे होताना दिसतो आणि रेशो १ च्या खाली येतो. तो फरक तुम्हाला मिळणारा नफा नाही, तो तुमचा खर्च आहे.

एक प्रसंग दोन्ही बाजूंनी: निफ्टी, २०२०

आता दोन्ही पद्धती एकाच वादळात चालवून बघू. बंद भाव खरे आहेत, नियम मी मुद्दाम साधे ठेवलेत.

ट्रेंडवाल्याचा नियम: महिन्याच्या शेवटच्या दिवशी निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर आत, खाली असेल तर बाहेर. जानेवारी २०२० अखेर निफ्टी ११,९६२ वर, सरासरीच्या वर, म्हणजे आत. २८ फेब्रुवारीला ११,२०२, सरासरीच्या स्पष्ट खाली. बाहेर. त्यानंतर २३ मार्चला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला. आमचा माणूस बाहेरच. तळापासून बाजार उसळला, एप्रिल, मे, जून गेले, तरी तो बाहेरच, कारण जूनअखेर १०,३०२ वर निफ्टी अजून सरासरीच्या खाली होता. ३१ जुलैला ११,०७३, सरासरीच्या वर. तो पुन्हा आत आला.

११,२०२ ला विकलं, ११,०७३ ला घेतलं. पाच महिन्यांच्या एवढ्या उलथापालथीतून भावात वाचला साधारण एक टक्का, तोही खर्च धरण्याआधी. मग मिळालं काय? ११,२०२ ते ७,६१० ही ३२ टक्क्यांची दरी त्याला उतरावी लागली नाही. आणि तो बाजाराबाहेर हरवूनही गेला नाही: नियमाने त्याला परत आत आणलं आणि २०२१ अखेर १७,३५४ पर्यंत त्याला धरून ठेवलं. तळ गाठणं हे या पद्धतीचं काम नव्हे, तशी अपेक्षाही ठेवू नका.

तीच पद्धत २०२२ मध्ये बघा. फेब्रुवारी ते जुलै निफ्टी त्याच सरासरीच्या खाली-वर होत राहिला. असे नियम पाळणाऱ्यांनी खाली विकलं, वर घेतलं, पुन्हा खाली विकलं. आडव्या बाजारात ट्रेंड फॉलोइंगचं असंच होतं आणि कुठलीही सरासरी बदलून ते टळत नाही. २०० ऐवजी १५० घेतलं तर खोटे इशारे वेगळ्या तारखांना येतात, इतकंच.

आता रिव्हर्जनवाला. त्याला निफ्टी "फार पडलाय" असं २८ फेब्रुवारीलाच वाटलं, तेव्हा पहिला हप्ता ११,२०२ वर. ९ मार्चला १०,४५१ वर दुसरा. १२ मार्चला ९,५९० वर तिसरा. १७ मार्चला ८,९६७ वर चौथा. १९ मार्चला ८,२६३ वर पाचवा. सरासरी खरेदी पडली सुमारे ९,६९५. २३ मार्चच्या बंद भावाला तो साडेएकवीस टक्के तोट्यात होता. पण ३० एप्रिलला निफ्टी ९,८६० वर बंद झाला आणि तो नफ्यात आला.

म्हणजे तो बरोबर ठरला? हे तो काय घेऊन बसला होता यावर अवलंबून आहे. रोख पैशांनी निफ्टी ईटीएफ घेतला असेल तर हो, सव्वा महिना पोटात गोळा घेऊन काढला की सुटला. पण प्रत्येक हप्ता म्हणजे निफ्टी फ्युचर्सचा एक लॉट असेल, तेव्हाच्या ७५ च्या लॉटप्रमाणे, तर २३ मार्चला पाच लॉटवर तोटा होता सुमारे ७ लाख ८२ हजार रुपये, तोही रोजच्या रोज खात्यातून वजा होणारा. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत, भरता आलं नाही तर ब्रोकर सौदा कापतो. ज्याचा सौदा २३ मार्चला कापला गेला, त्याला ३० एप्रिलच्या ९,८६० चा काय उपयोग? अंदाज तोच, भाव तेच, शेवट मात्र दोघांचा वेगळा. मीन रिव्हर्जनला उधारी का सोसत नाही ते इथे दिसतं.

भाव स्वतःची चूक सांगू शकत नाही

दोन्ही पद्धतींतला सर्वांत खोल फरक मला हा वाटतो. ट्रेंडच्या सौद्यात भाव विरुद्ध गेला की तर्कच मोडतो. "चढतोय म्हणून घेतला" होता, आता तो चढत नाही, विषय संपला. स्टॉप-लॉस तिथे आपसूक बसतो.

रिव्हर्जनमध्ये उलट. १०० ला स्वस्त वाटलेला शेअर ९० ला त्याच तर्काने आणखी स्वस्त ठरतो, ८० ला त्याहून स्वस्त. भाव जितका विरुद्ध जाईल तितका तर्क तुम्हाला आणखी घ्यायला सांगतो. म्हणून भाव सोडून दुसऱ्या कशाने तरी चूक मोजावी लागते, आणि ते सौद्याआधी ठरवावं लागतं. मी तीन गोष्टी लिहितो.

पहिली, एकूण रक्कम. या सौद्यात जास्तीत जास्त किती रुपये जातील आणि किती हप्त्यांत. शेवटचा हप्ता संपला की पुढे भाव कितीही मोहात पाडणारा असो, खरेदी बंद.

दुसरी, वेळ. घाईत विकणाऱ्याची विक्री संपली की भाव परतायला लागायला हवा, आणि हे सहसा दिवसांत घडतं. किती दिवस द्यायचे ते त्या शेअरच्या मागच्या इतिहासातून काढा. मागच्या पाच वर्षांत तो अशा प्रकारे खाली आल्यावर ५, १० आणि २० सत्रांनी बंद भाव कुठे होता ते नोंदवा. पहिल्या १० सत्रांतच बहुतेक उसळी येऊन जात असेल, तर ११ व्या सत्राला तुम्ही जुन्या कारणाशिवाय बसलेले असता. इथे एक सापळा आहे. पुष्कळ जण "२० दिवसांच्या सरासरीला परत आला का" असं मोजतात आणि जवळपास प्रत्येक वेळी "आला" असं उत्तर मिळतं. पण भाव खालीच पडून राहिला तरी सरासरी स्वतः उतरत त्याच्यापाशी येते. भेट होते, पण तुमच्या खरेदीच्या खाली. म्हणून खरेदीच्या भावापासून मोजा, सरासरीपासून नाही.

तिसरी, सरासरीमागचं कारण. भाव ज्या पातळीला परतेल असं तुम्ही म्हणता, ती पातळी कशावर उभी आहे? ते कारण गेलं तर सरासरीही गेली. एप्रिल २०२० मधलं कच्चं तेल हे याचं सर्वांत कठोर उदाहरण. अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा करार घसरत होता आणि "तेल याहून स्वस्त होणार तरी किती" असं म्हणत लोक घेत होते. तेलाला काढण्याचा खर्च असतो, म्हणजे भाव परत येणारच, असा तो तर्क. पण तो करार कशिंग, ओक्लाहोमा इथे प्रत्यक्ष तेल ताब्यात घेण्याचा होता, आणि लॉकडाउनमध्ये तिथे साठवायला जागा मिळेना. करार संपायला एक दिवस उरलेल्या माणसाला दीर्घकालीन सरासरीशी काही देणंघेणं नसतं. २० एप्रिलला तो करार उणे ३७.६३ डॉलरवर ठरला. आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजारावर त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी ५ ला बंद झाले होते, शेवटचा भाव ९६५ रुपये होता, आणि सौदे उणे २,८८४ रुपयांवर मिटवले गेले. १०० बॅरलचा एक लॉट ९६५ ला धरून बसलेल्याला ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांचा तोटा. तेल पुढे खरोखरच परत वर आलं. तो करार नाही आला.

नफ्यातोट्याचा आकार वेगळा असतो

ट्रेंडचे साधारण १०० सौदे घेऊ. ३५ जिंकले, ६५ हरले, असं गृहीत धरा. हरलेल्या प्रत्येक सौद्यात १ हिस्सा गेला आणि जिंकलेल्यात सरासरी ३ हिस्से आले. १०५ वजा ६५, म्हणजे ४० हिस्से नफा. कागदावर छान. पण या प्रमाणात १०० सौद्यांत कुठेतरी सलग दहा तोटे येण्याची शक्यता तीनात एक इतकी असते. आठव्या तोट्यानंतर ज्याने पद्धत सोडली, त्याचा नववा किंवा अकरावा सौदाच कदाचित वर्षाची कमाई देणारा होता. या पद्धतीत एखादा मोठा सौदा चुकवणं हे दहा लहान तोट्यांपेक्षा महाग पडतं.

रिव्हर्जनचे १०० घ्या. ८० जिंकले, प्रत्येकी ०.६ हिस्सा. २० हरले, प्रत्येकी १.५. नफा १८ हिस्से. वर्षभर आकडे सुखावणारे असतात, दहात आठ बरोबर. आणि मग एका सकाळी निकाल वाईट येतो, शेअर थेट खालच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला, उघडतो, घेणारा कुणी नसतो, स्टॉप-लॉसची ऑर्डर रांगेत पडून राहते, आणि तीन दिवसांनी तुम्ही १५ हिस्से गमावून बाहेर पडता. वर्षाची जवळपास सगळी कमाई गेली. म्हणून रिव्हर्जनसाठी ५ टक्के सर्किटमध्ये फिरणारे लहान शेअर मी घेतच नाही.

खर्चाचा मारही सारखा नाही. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदीला ०.१ आणि विक्रीला ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, लागतो. सरासरी ०.८ टक्का मिळवून देणाऱ्या रिव्हर्जनच्या सौद्यातून त्यातच पाव हिस्सा जातो, ब्रोकरेज आणि भावातला फरक वेगळाच. वर्षभर धरलेल्या ट्रेंडच्या सौद्याला तोच कर जाणवतही नाही. शिवाय १२ महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे, त्यापुढे १२.५ टक्के. रिव्हर्जनवाला कायम पहिल्या गटात असतो. तुमच्या नियमाचा मागचा हिशेब खर्च न धरता केला असेल तर तो अजून झालेलाच नाही असं समजा.

सौदा प्रत्यक्ष कसा बांधायचा

ट्रेंडसाठी मी आजही जुना, ढोबळ नियम वापरतो: ५५ दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी, २० दिवसांचा नीचांक मोडला की विक्री. १९८० च्या दशकात रिचर्ड डेनिस यांनी शिकवलेल्या टर्टल ट्रेडर्सच्या नियमांतला हा एक भाग. किती घ्यायचं ते एटीआरवरून, म्हणजे शेअर रोज सरासरी किती रुपये हलतो त्यावरून. भांडवल ५ लाख, एका सौद्यात धोका १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. शेअर ८०० रुपयांचा, एटीआर २० रुपये. सुरुवातीचा स्टॉप दोन एटीआर खाली, ७६० वर, म्हणजे प्रत्येक शेअरमागे धोका ४० रुपये. ५,००० भागिले ४०, म्हणजे १२५ शेअर, एक लाखाची खरेदी. २० दिवसांचा नीचांक ७६० च्या वर सरकला की तो स्टॉप होतो. नफा किती झाला म्हणून विकायचं नाही.

रिव्हर्जनसाठी आधी गाळणी. शेअर २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असावा, म्हणजे लांब मापावर चाल आपल्या बाजूने असेल. मग गेल्या काही दिवसांत तो नेहमीच्या चढउतारापेक्षा जास्त खाली आलेला असावा. त्यानंतर बातमी तपासायची, आणि हे मी कधीही वगळत नाही: एक्सचेंजच्या वेबसाइटवर कंपनीच्या घोषणा, निकालांची तारीख, ऑडिटरचा राजीनामा, प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर. काही सापडलं तर सौदा नाही. काहीच सापडलं नाही आणि त्या क्षेत्रातले इतर शेअर स्थिर आहेत, तर बहुधा कुणीतरी घाईत विकतंय. आणि सगळा बाजारच एकदम कोसळत असेल, सगळे शेअर एकत्र पडत असतील, तर तुमचे दहा वेगवेगळे रिव्हर्जनचे सौदे हा खरं तर एकच मोठा सौदा आहे. त्या दिवशी नवीन काही घेत नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला चार रकाने जास्त आहेत. अशी दिसते एक नोंद: "प्रकार: रिव्हर्जन. समोरचा का विकतोय: इंडेक्समधून वगळला, फंडांची सक्तीची विक्री. किती: ६०,००० रुपये, तीन हप्ते, उधारी नाही. कधी चूक: १० सत्रं संपली, किंवा कंपनीकडून वाईट घोषणा आली." प्रकाराचा रकाना पेनने लिहितो, बाकीचे पेन्सिलने. सौदा चालू असताना पेन्सिलचं बदलायची वेळ येऊ शकते, एखादा हप्ता मी रद्दही करतो. पेनचं खोडावंसं वाटलं की मात्र सौदा बंद करतो, आणि तोच शेअर दुसऱ्या कारणाने घ्यायचा असेल तर नव्या पानावर, नव्या हिशेबाने घेतो.